टाकी भरते जूनमध्ये, लागते मार्चमध्ये

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तरीही आमच्या वाडीतल्या विहिरी मार्चच्या मध्यावर तळ गाठतात. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात विहीर काठोकाठ येते आणि दिवाळीनंतर तेच पाणी जमिनीखालून उताराला लागून पऱ्ह्याकडे निघून जातं. म्हणून छपराचं पाणी धरून ठेवायला आम्ही परसात टाकी बांधली. टाकीची देखभाल माझ्याकडे होती. पहिल्या वर्षी माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या एकीतून दुसरी निघालेल्या होत्या. म्हणून त्या घडल्या त्याच क्रमाने सांगते.

आधी सगळी मांडणी सांगायला हवी. घर कौलारू आहे आणि छप्पर जमिनीवर मोजलं तर साधारण १५० चौरस मीटर भरतं. पन्हळींचं पाणी ११० मिलिमीटरच्या पाइपने परसात येतं. तिथे वाळू-खडीची चौकोनी हौदी आहे, तोच आमचा फिल्टर. त्यातून गाळलेलं पाणी टाकीत पडतं. टाकी चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल, म्हणजे २०,००० लिटरची. फिल्टरमधून जे पाणी खाली उतरू शकत नाही ते हौदीच्या वरच्या बाजूच्या बायपास पाइपने बाहेर जातं, आणि टाकी भरली की तिचं पाणी ओव्हरफ्लो पाइपने जातं. फिल्टरच्या आधी प्लंबरने दोन कॉक बसवून दिले होते. एक उघडला की पाणी फिल्टरकडे, दुसरा उघडला की सरळ परसाबाहेर. दुसरा कॉक दुरुस्तीच्या वेळेपुरता आहे असं समजून मी त्याला वर्षभर हात लावला नाही. पुढच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हे आहे.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. काही उडतं, काही कौलं पितात, म्हणून पंचाऐंशी टक्के हाती येतं असं धरायचं. आमच्या छपरावरून दर मिलिमीटरला १३० लिटरच्या आसपास पाणी येतं. त्या हिशोबाने १५५ मिलिमीटर पावसात टाकी भरते आणि आमच्याकडे जूनमध्ये एवढा पाऊस दोन-तीन दिवसांतही पडून जातो. हा हिशोब मी टाकी बांधतानाच मांडला होता. त्यावरून निष्कर्ष मात्र चुकीचा काढला. टाकी भरायला काहीच कठीण नाही, तेव्हा पावसाळ्याआधी एकदा सगळं साफ केलं की आपलं काम संपलं, असं मी धरून चालले.

कामांचा क्रम चुकला

मेच्या सुरुवातीलाच मी फिल्टर तयार केला. वाळू-खडी बाहेर काढली आणि खालचं पाणी नितळ दिसेपर्यंत धुतली. खाडीची वाळू खारी असते म्हणून मुद्दाम नदीची आणली होती. तळाला ४० मिलिमीटरची खडी, तिच्यावर २० मिलिमीटरची, मग बारीक खडी आणि सगळ्यांत वर फूटभर जाडसर वाळू, अशी भरून घेतली. वर झाकण ठेवलं आणि निर्धास्त झाले.

मेच्या अखेरीस कौलं परतायला गडी आले. कोकणात हे काम दरवर्षीचं. एकेक कौल उतरवायचं, झाडायचं, फुटकं असेल ते बदलायचं आणि रिपांवर पुन्हा नीट बसवायचं. कौलांखाली वर्षभरात काय काय साठतं ते तेव्हा दिसतं. कौलांची झिजून झालेली लाल भुकटी, वाळलेलं शेवाळ, उंदरांच्या लेंड्या, कुंभारमाशीची मातीची घरं. यातलं बरंच पन्हळीत पडलं. पन्हळ मी झाडून घेतली, पण कौलांवर बसलेली बारीक भुकटी झाडूने निघत नाही. ती पावसानेच धुऊन निघते.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीने ती धुतली आणि थेट माझ्या स्वच्छ वाळूवर आणून टाकली. कौलाची भुकटी म्हणजे भाजलेली माती. तिचे कण वाळूच्या कणांमधल्या फटींपेक्षा कितीतरी बारीक असतात, म्हणून ते वाळूच्या वरच्या दोन बोटांत शिरून तिथेच अडकतात. पालापाचोळा अडकला तर दिसतो आणि हाताने उचलता येतो. ही भुकटी दिसत नाही. वाळूचा रंग थोडा लालसर झाला एवढंच मला दिसलं, आणि आमच्याकडे लाल रंगाचं कोणाला काही वाटत नाही.

काम वरून खाली करत यायला हवं होतं. आधी कौलं, मग पन्हळी, मग पाइप, मग टाकी आणि सगळ्यांत शेवटी फिल्टर. मी शेवटचं काम पहिलं केलं.

पहिलं पाणी

पहिलं घाण पाणी बाजूला काढायची सोय आमच्याकडे होती. फिल्टरच्या आधी तीन मीटर उंचीचा ११० मिलिमीटरचा उभा पाइप आहे. त्याला खाली बूच आणि बुचाला एक बारीक छिद्र. पाऊस सुरू झाला की पहिलं पाणी या पाइपमध्ये भरतं, तो भरल्यावरच पुढचं पाणी फिल्टरकडे वळतं. दोन सरींच्या मधल्या वेळात छिद्रातून थेंब थेंब गळत पाइप रिकामा होतो आणि पुढच्या सरीसाठी तयार राहतो.

हा पाइप किती पाणी बाजूला काढतो, हे मी कधी मोजलं नव्हतं. अशा पाइपच्या एका मीटरमध्ये साडेआठ लिटरच्या आसपास पाणी मावतं. तीन मीटरमध्ये पंचवीस लिटर. आमच्या छपराच्या मानाने हा पाव मिलिमीटरदेखील पाऊस नाही. कौलं परतल्यानंतर छप्पर धुऊन निघायला निदान दोन मिलिमीटर पाऊस लागतो, म्हणजे अडीचशे लिटरहून जास्त पाणी बाहेर जायला हवं. हा पाइप पावसाळ्याच्या मधल्या सरींना पुरतो. वर्षाच्या पहिल्या पावसाला तो काहीच नाही. त्या दिवशी सरळ दुसरा कॉक उघडून पहिल्या दोन-चार मोठ्या सरी परसाबाहेर जाऊ द्यायला हव्या होत्या. ज्या ठिकाणी टाकी दोन-तीन दिवसांत भरते, तिथे या सरी सोडून दिल्या तर काहीही तोटा नाही. पण पहिला पाऊस वाया घालवायचा ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मार्चपासून पाण्यासाठी झुरलेल्या घरात ते स्वाभाविक आहे, पण चूक ती चूकच.

यात आणखी एक भर पडली. आठवडाभरात बुचाचं छिद्र शेवाळाच्या तुकड्याने बंद झालं. पाइप घाण पाण्याने भरलेलाच राहिला आणि त्यानंतरच्या प्रत्येक सरीचं पहिलं पाणी सरळ फिल्टरवर गेलं. हे ओळखणं खरं तर सोपं आहे. सर थांबल्यावर बुचाखाली थेंब पडताना दिसायला हवेत. दिसत नसतील तर पाइपवर बोटांनी वाजवून पाहावं. भरलेला पाइप ठस्स वाजतो, रिकामा पोकळ वाजतो. मी पाइपजवळून रोज जात होते, पण थेंब पडतात की नाही हे पाहावं असं मला वाटलं नाही. पुढे बूच काढलं तेव्हा आतून काळा, कुजका वास येणारा गाळ निघाला. आता बुचाच्या जागी लहान कॉक बसवला आहे. तो किंचित उघडा ठेवते आणि आठवड्यातून एकदा पूर्ण उघडून पाइप धुऊन घेते.

तुंबलेला फिल्टर आणि लोखंडी कांब

फिल्टर तुंबल्याचं मला उशिरा कळलं, कारण पाणी कुठे तुंबून राहिलेलं दिसत नव्हतं. बायपास पाइप आपलं काम चोख करत होता. फिल्टरमधून न उतरलेलं पाणी तो शांतपणे बाहेर नेत होता आणि पाऊस पडतोय म्हणजे टाकी भरतेय असं मी समजत होते. जोराच्या सरीत बायपासमधून पाणी जाणं साहजिक आहे; ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळला तर आमच्या छपरावरून मिनिटाला २०० लिटरहून जास्त पाणी येतं आणि स्वच्छ वाळूही तेवढं सगळं एका दमात उतरवू शकत नाही. पण रिमझिम पावसातही बायपास वाहू लागला, तर फिल्टर तुंबला आहे असं निश्चित समजावं. दुसरी खूण म्हणजे पाऊस थांबल्यावर वाळूवरचं पाणी पाच-दहा मिनिटांत उतरायला हवं. आमच्याकडे सकाळी थांबलेल्या पावसाचं पाणी दुपारी वाळूवर उभं होतं, तेव्हा माझं लक्ष गेलं.

खात्री करून घ्यायला धाकटे दीर आले. त्यांनी सरळ उभ्या कडांचा एक डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवला आणि बांबूच्या काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करून ती टाकीत उभी केली. आमच्या टाकीचा तळ दहा चौरस मीटरचा असल्यामुळे हिशोब सोपा आहे. पाणी एक सेंटिमीटर चढलं म्हणजे १०० लिटर आलं. त्या रात्री डब्यात ४० मिलिमीटर पाणी जमलं. छपरावरून ५,१०० लिटर यायला हवं होतं, म्हणजे टाकी ५१ सेंटिमीटर चढायला हवी होती. ती १२ सेंटिमीटर चढली. चार हजार लिटरच्या आसपास पाणी फिल्टरवरून परत गेलं होतं.

त्यावर मी केलेला उपाय म्हणजे त्या वर्षातली सगळ्यांत महागात पडलेली चूक. मी लोखंडी कांब घेतली आणि वाळू वरपासून खालपर्यंत खोचून ढवळली. पाणी लगेच भसाभस उतरलं. एक-दोन सरी फिल्टर चांगला चालला आणि मग पहिल्यापेक्षाही वाईट तुंबला. मी पुन्हा ढवळलं. तिसऱ्यांदा कांब हातात घेतली तेव्हा भाऊजींनी अडवलं. म्हणाले, “वहिनी, वरचा गाळ तुम्ही खाली ढकलताय. तो जाणार कुठे?”

दोन दिवसांची उघडीप मिळाली तेव्हा आम्ही वाळू थराथराने काढली. वरची वाळू लालसर होती. त्याखाली वीतभर वाळू बऱ्यापैकी स्वच्छ निघाली. आणि जिथे वाळू संपून बारीक खडी सुरू होते तिथे बोटभर जाडीचा घट्ट लाल थर बसलेला होता, ओल्या कौलाच्या मातीसारखा, थापीने कापता येईल असा. त्यात जागोजागी माझ्या कांबेची भोकं दिसत होती. गाळ वरच्या दोन बोटांत होता तेव्हा थापीने तेवढा थर खरवडला असता तर काम पाऊण तासात संपलं असतं. मी तो अशा जागी नेऊन बसवला होता की आता सगळा फिल्टर उपसून धुण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काही गाळ खडीतून टाकीतही उतरला होता. टाकीच्या तळाला हात लावला तर मऊ लाल साय लागत होती.

आता मी वाळू कधीच ढवळत नाही. वरचा दोन इंचांचा थर थापीने उचलते, घमेल्यात घेऊन पाणी बदलत बदलत धुते आणि परत पसरते. भर पावसात वाळू धुत बसणं जमत नाही, म्हणून धुऊन वाळवलेल्या वाळूची एक गोणी पडवीत तयार असते. खरवडलेल्या थराच्या जागी ती टाकायची आणि मळकी वाळू सवडीने धुवायची. फिल्टरच्या तोंडाशी पाला अडवायला जाळी लागतेच, पण ती बोट जाईल एवढ्या भोकांची असावी. मी जूनमध्ये घाबरून वाळूवर डासांची नायलॉन जाळी अंथरून पाहिली होती. फणसाच्या आणि आंब्याच्या पानांचा कुजलेला चुरा तिच्यावर चिकटला आणि पहिल्याच सरीत ती ताडपत्रीसारखी पाणी धरून बसली.

फिल्टर सुधारला आणि टाकी उतू गेली

फिल्टर नव्याने भरल्यावर पाणी जोरात उतरू लागलं आणि टाकी लगेच भरली. तोवर जे कधी तपासलं गेलं नव्हतं, ते आता तपासलं गेलं. टाकीत पाणी आणणारा पाइप ११० मिलिमीटरचा होता आणि ओव्हरफ्लोचा ६३ मिलिमीटरचा. बांधकाम चालू असताना उरलेला तुकडा लावून टाकला होता. “जादा पाणीच तर जायचंय,” असं गवंडी म्हणाला आणि मी मान डोलावली होती. ११० मिलिमीटरच्या पाइपचं तोंड ६३ च्या तोंडाच्या तिप्पट असतं. टाकी भरलेली असताना जेवढं पाणी आत येतं तेवढंच बाहेर जायला हवं, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. जूनभर फिल्टर तुंबलेला असल्यामुळे टाकीकडे मुळात थोडंच पाणी जात होतं आणि ही उणीव झाकली गेली होती.

त्यातच ओव्हरफ्लोच्या तोंडावर मी डासांची जाळी तारेने आवळून बांधली होती. जाळी हवीच, डेंगीचा डास अशाच साठवणीच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पण पाइपच्या तोंडावर ताणून बांधलेल्या जाळीचं क्षेत्रफळ तोंडाएवढंच असतं. त्यात जाळीच्या धाग्यांनी काही भाग अडवलेला असतो आणि उरलेल्यावर शेवाळाचे तंतू चिकटतात. जुलैतल्या एका रात्री पाऊस असा कोसळला की ओव्हरफ्लोतून करंगळीएवढी धार पडत होती आणि टाकीचं पाणी झाकणाच्या कडेने वर येत होतं.

झाकण परसाच्या जमिनीलाच समतल ठेवलं होतं, चालताना ठेच लागू नये म्हणून. टाकीचं पाणी वर आलं आणि परसातलं गढूळ पाणी, गोठ्याकडून येणाऱ्या ओघळासकट, त्यात मिसळलं. पाऊस ओसरल्यावर पाण्याची पातळी खाली गेली तसं ते मिसळलेलं पाणी टाकीत परत उतरलं. सकाळी झाकण उघडलं तर वर शेणाचा तवंग होता. वीस हजार लिटर पाणी उपसून टाकावं लागलं. पाऊस चालूच असल्यामुळे टाकी पुन्हा भरायला वेळ लागला नाही, पण हेच ऑक्टोबरात घडलं असतं तर सगळ्या उन्हाळ्याचं पाणी गेलं असतं.

भाऊजींनी टाकीची भिंत फोडून ११० मिलिमीटरचा ओव्हरफ्लो बसवून दिला. येणाऱ्या पाइपपेक्षा तो लहान नसावा, हा नियम आता आम्ही वाडीत सगळ्यांना सांगतो. झाकणाभोवती जांभ्याचा वीतभर उंच कठडा बांधला. ओव्हरफ्लोचं तोंड उताराच्या बाजूला नेलं आणि परसाच्या जमिनीपासून उंच ठेवलं, म्हणजे बाहेरचं पाणी उलटं आत येऊ शकत नाही. तोंडावर जाळी ताणून न बांधता बादलीएवढी जाळीची टोपली बसवली. तिचं क्षेत्रफळ पाइपच्या कितीतरी पट आहे. अर्धी शेवाळली तरी पाणी अडत नाही आणि एक चाप काढला की ती हातात येते. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला ती ब्रशने घासते.

सप्टेंबरची चूक

या सगळ्यानंतर ऑगस्टमध्ये टाकी काठोकाठ होती, पाणी स्वच्छ दिसत होतं आणि मी तिच्याकडे पाहणं सोडून दिलं. या चुकीचे परिणाम नऊ महिन्यांनी भोगावे लागले.

टाकी भरलेली असताना फिल्टरचा कॉक मी उघडाच ठेवला होता. टाकीत जागा नसतानाही दोन महिने छपराचं सगळं पाणी वाळूतून जात राहिलं, टाकीतून ओव्हरफ्लोने बाहेर पडत राहिलं आणि त्यातला सगळा मळ वाळूवर साठत गेला. ओल्या वाळूवर या वेळी लाल भुकटी नव्हती; हिरवट-तपकिरी, बुळबुळीत थर होता. कौलांवर पावसाळ्यात शेवाळ वाढतं, त्याचे तुकडे सारखे येत राहतात, आणि सतत ओल्या राहणाऱ्या वाळूवर त्यांची साय धरते.

सप्टेंबरात विहिरीवरचा पंप बिघडला आणि आम्ही काही दिवस टाकीचं पाणी सढळ हाताने वापरलं. पाऊस अजून होता, टाकी परत भरेलच असं गृहीत धरलं. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांतल्या सरी पडल्यासुद्धा. पण त्या दुपारच्या गडगडाटी सरी, थोडा वेळ जोराने कोसळून थांबणाऱ्या. अशा सरीत तुंबलेल्या फिल्टरमधून फार थोडं पाणी उतरतं, बाकीचं बायपासने जातं. ऑक्टोबरात पाऊस गेला आणि मी काठी टाकली तेव्हा पाणी एक मीटर दहा सेंटिमीटर होतं. ११,००० लिटर.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. विहीर नेहमीसारखी मार्चच्या मध्याला संपली. घरात पाच माणसं, पिण्या-स्वयंपाकाला आणि भांड्यांना माणशी ४५ लिटर धरलं तर दिवसाला २२५ लिटर लागतात. पूर्ण भरलेली टाकी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरली असती. आमची मेच्या सुरुवातीला संपली आणि ऐन उन्हात टँकर मागवावे लागले. जे ११,००० लिटर होते तेही बरंचसं जुलै-ऑगस्टमधलं जुनं पाणी होतं. तळाची लाल साय मी काढली नव्हती, त्यामुळे पातळी खाली गेली तसा पाण्याला मातकट वास येऊ लागला.

तेव्हा मला माझ्या पहिल्या हिशोबाचा खरा अर्थ कळला. टाकी दोन-तीन दिवसांत भरते याचा अर्थ असा की चार महिन्यांतला जवळपास सगळा पाऊस आमच्या टाकीच्या दृष्टीने जादा आहे. जून, जुलै, ऑगस्टमध्ये फिल्टर चालला काय, नाही काय, उन्हाळ्याच्या पाण्यात त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो शेवटच्या दीडशे मिलिमीटर पावसाने. आणि मी माझे सगळे कष्ट मे महिन्यात घातले होते, सप्टेंबरात एकही दिवस दिला नव्हता.

आता वर्ष कसं चालतं

मेमध्ये कौलं परतून झाल्यावर पन्हळी आणि पाइप साफ करते. टाकीत उरलेलं पाणी काढून तळ घासून घेते. टाकीत माणूस उतरवायचा तर झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवते आणि वर दुसरा माणूस उभा असतो. पहिल्या सरी सगळ्या बाहेर जातात. पन्हळीतून येणारं पाणी काचेच्या पेल्यात धरून पाहते. ते नितळ दिसू लागलं की फिल्टरचा कॉक उघडते. टाकी भरली की तो बंद करून बाहेरचा उघडते. त्यामुळे जुलै-ऑगस्टचा मळ वाळूवर येत नाही आणि धो-धो पावसात टाकीवर ताणही पडत नाही. हा उपाय एवढा साधा आहे की तो सुचायला एक अख्खं वर्ष जावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं.

पूर्वा नक्षत्राच्या सुमाराला फिल्टरची वाळू खरवडून बदलते, उभा पाइप धुते आणि काठी पुन्हा टाकीत उभी करते. मग जुनं पाणी वापरून आणि उपसून खाली आणते आणि उत्तरा-हस्तातल्या पावसाने टाकी भरून घेते. प्रत्येक मोठ्या सरीनंतर डबा आणि काठी यांचा मेळ घालून पाहते. दोन्हींत थोडीफार तफावत असतेच. जोराच्या सरीचं काही पाणी बायपासने जाणारच. पण रिमझिमीतही अर्ध्याहून कमी पाणी चढलं तर दुसऱ्याच दिवशी वाळूचा वरचा थर काढते. शेवटी पाऊस गेला की टीसीएल पावडर घालते, १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला १०० ग्रॅम. ती बादलीत कालवून, अर्धा तास ठेवून, वरची निवळी तेवढीच टाकीत ओतायची. वाळू गढूळपणा काढते, रोगजंतू काढत नाही, म्हणून उन्हाळ्यात हे पाणी प्यायला घेताना पुन्हा तपासून टीसीएल घालते आणि उकळून घेते.

यात एक जोखीम आहे आणि ती टाळता येत नाही. सप्टेंबरात पाणी उपसल्यावर पाऊस लवकर गेला, तर जुनंही गेलं आणि नवंही आलं नाही, अशी गत होईल. म्हणून मी टाकी एकदम रिकामी करत नाही. अर्धी उपसते, ती भरू देते, आणि पावसाचा रंग पाहून मगच उरलेल्या पाण्याचा विचार करते. एखाद्या वर्षी अर्धं जुनं पाणी तसंच ठेवावं लागतं आणि ते चालतं. ज्यांची टाकी प्लास्टिकची आणि जमिनीत पुरलेली आहे त्यांनी तर पावसाळ्यात ती रिकामी करूच नये. भिजलेल्या जमिनीतलं पाणी रिकाम्या टाकीला वर उचलतं आणि पाइप तुटतात.

वाडीत नवी टाकी बांधणारे आता मला पहिलं विचारतात की फिल्टर कोणता घालू. मी त्यांना आधी एक काठी, एक डबा आणि सप्टेंबरात मोकळा राहू शकेल असा माणूस शोधायला सांगते. वाळू, जाळी, पाइप यांच्या चुका पाऊस चालू असेपर्यंत सुधारता येतात. हस्ताचा पाऊस सरल्यावर काठी जो आकडा दाखवते, त्यात जूनपर्यंत एक लिटरचीही भर पडत नाही.